बारवेची दोन मॉडेलं जोडताना आरसा कसा मध्ये येतो

मंडळी, बारवेचं काम पुढे सरकलं आहे. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या बारवेची आता दोन त्रिमितीय मॉडेलं तयार आहेत. पहिलं दिवाळीनंतरच्या फोटोंवरून केलं, तेव्हा पाणी बरंच वर होतं आणि वरचे थरच काय ते दिसत होते. दुसरं वैशाखातलं; पाणी तळाशी गेलं आणि खालच्या पायऱ्याही उघड्या पडल्या. मराठवाड्यात आख्खी बारव एकाच ऋतूत नीट टिपता येत नाही. वैशाखात वरच्या भिंतींवर ऊन इतकं कडक पडतं की काळ्या दगडावरचं कोरीव काम फोटोत मरून जातं. म्हणून वरचा भाग दिवाळीचा आणि खालचा वैशाखाचा घ्यायचा, आणि दोन्ही एकाच चौकटीत बसवायचे.

दोन्ही मॉडेलांचं माप टेपने मोजून मीटरमध्ये आणलेलं आहे, त्यामुळे लहान-मोठं करण्याचा प्रश्न उरला नाही. उरतं ते फिरवणं आणि सरकवणं. दोन्हींत ओळखू येणारे बिंदू निवडायचे, म्हणजे दगडाचा टवका, कोनाड्याचा कोपरा, सांध्याची रेघ. त्यांच्या जोड्या लावायच्या. मग फिरवण्याचं R आणि सरकवण्याचं t असं शोधायचं की पहिल्या मॉडेलचे बिंदू दुसऱ्याच्या बिंदूंवर बसतील आणि राहिलेल्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी होईल.

यात अंदाजाने सुरुवात करून हळूहळू जवळ जायची गरज नसते, उत्तर एका फटक्यात मिळतं. दोन्ही संचांचे सरासरी मध्यबिंदू काढून वजा केले की t बाजूला पडतो आणि फक्त फिरवणं उरतं. मग तीन बाय तीनचा एक तक्ता H बनवायचा, ज्यात पहिल्या संचाचा प्रत्येक अक्ष दुसऱ्याच्या प्रत्येक अक्षाशी किती जुळून चालतो ते येतं. या तक्त्याचं एसव्हीडी केलं, म्हणजे तो U, S आणि V अशा तीन भागांच्या गुणाकारात फोडला, की फिरवणं हाती येतं.

```python
import numpy as np

def align(P, Q):
    p0, q0 = P.mean(axis=0), Q.mean(axis=0)
    H = (P - p0).T @ (Q - q0)
    U, S, Vt = np.linalg.svd(H)
    d = np.sign(np.linalg.det(Vt.T @ U.T))
    R = Vt.T @ np.diag([1, 1, d]) @ U.T
    t = q0 - R @ p0
    return R, t, S
```

`numpy` तिसरी गोष्ट V नव्हे, तिची आडवी-उभी पलटी `Vt` देतं, म्हणून वर `Vt.T` लिहिलं आहे. पण आज मला बोलायचं आहे ते `d` च्या ओळीबद्दल. बऱ्याच जणांच्या कोडमध्ये ती नसते आणि तरी महिनोन्‌महिने सगळं सुरळीत चालतं. बारवेत मात्र ती नसली की अडतं, कारण पाण्याच्या वर राहिलेले आणि दोन्ही मॉडेलांत स्वच्छ दिसणारे माझे बहुतेक बिंदू एकाच सपाट भिंतीवर आहेत.

आकडे सोपे करून बघू. भिंतीवरच्या एका चौकटीचे चार कोपरे घ्या: (0,0,0), (4,0,0), (4,2,0), (0,2,0). z ची दिशा भिंतीतून बाहेर, आपल्याकडे. दुसऱ्या मॉडेलचे अक्ष वेगळे पडले आहेत, तिथे हेच कोपरे (10,5,1), (10,9,1), (8,9,1), (8,5,1) असे येतात. मध्यबिंदू (2,1,0) आणि (9,7,1). ते वजा करून H काढला तर पहिल्या ओळीत 0, 16, 0, दुसरीत -4, 0, 0 आणि तिसरीत तिन्ही शून्यं. सिंग्युलर किमती, म्हणजे कोडमधला `S`, 16, 4 आणि 0.

गोम त्या शेवटच्या शून्यात आहे. पहिल्या दोन दिशांच्या जोड्या पक्क्या ठरतात: x चा y होतो, y चा उलटा x होतो. तिसऱ्या दिशेबद्दल आकडे काहीच सांगत नाहीत, कारण एकही बिंदू भिंतीच्या पुढे किंवा मागे नाही. म्हणून एसव्हीडी तिसऱ्या दिशेचं चिन्ह अधिक देईल किंवा उणे देईल, गणिताच्या लेखी दोन्ही बरोबर. अधिक आलं तर R चा डिटरमिनंट 1, म्हणजे खरं फिरवणं. उणे आलं तर -1, म्हणजे आरशातलं प्रतिबिंब. आणि चारही कोपऱ्यांवरची चूक दोन्ही वेळा शून्यच! t सुद्धा दोन्हींकडे तोच, (10,5,1).

चूक शून्य दाखवणारं उत्तर उलटं आहे हे मग कळायचं कसं? याच चौकटीच्या मधोमध अर्धा मीटर खोल देवकोष्ठ आहे असं धरा. त्याच्या मागच्या भिंतीवरचा बिंदू (2,1,-0.5). खऱ्या फिरवण्याने तो (9,7,0.5) वर जातो, आरशाने (9,7,1.5) वर. भिंत z = 1 वर आहे, म्हणजे दुसऱ्या उत्तरात कोनाडा भिंतीबाहेर पेटीसारखा उभा राहतो. `d` ची ओळ काढून मी हे माझ्या खऱ्या बिंदूंवर मुद्दाम चालवून पाहिलं. त्यातली देवकोष्ठं अशीच बाहेर आली आणि शिल्पांचा उठाव आत दबला.

प्रत्यक्षात तिसरी किंमत नेमकी शून्य नसते. फोटोंवरून काढलेल्या बिंदूंत सेंटिमीटरभराची चूक असतेच, आणि ती छोटीशी किंमत त्या चुकीतूनच आलेली असते. म्हणजे चिन्ह ठरवतो तो गोंगाट, बारव नव्हे. `d` उणे आला की सगळ्यात लहान किमतीची दिशाच का उलटवायची, याचं कारणही इथेच आहे: तिथे उलटवल्याने जुळणी सगळ्यात कमी बिघडते.

इतिहासात हा मुद्दा टप्प्याटप्प्याने सुटलेला दिसतो. काब्श यांनी 1976 मध्ये हा प्रश्न स्फटिकशास्त्रासाठी मांडला. 1987 मध्ये अरुण, ह्वांग आणि ब्लोस्टीन यांनी एसव्हीडीची वर दिलेली रीत दिली. बिंदू सपाट असतील तर चिन्ह बदला, हे त्यांनी सांगितलं होतं. पण बिंदू सपाट नसताना, नुसत्या गोंगाटामुळे आरसा आला तर त्यांची रीत थांबायची. 1991 मध्ये उमेयामा यांनी `diag([1, 1, d])` हा सगळीकडे चालणारा उपाय सिद्ध केला.

आता त्याहून अवघड गोष्ट, जिला `d` चाही इलाज नाही. माझ्या पहिल्या निवडीतले पुष्कळ बिंदू एकाच आडव्या थराच्या काठावर येत होते. सगळे बिंदू एका रेषेत आले की दुसरी किंमतही शून्याकडे जाते आणि त्या रेषेभोवतीचं फिरणं मोकळं राहतं. समजा काठ 4 मीटर लांब आहे, पण बिंदूंचा उभा पसारा फक्त 20 सेंटिमीटर आहे. सेंटिमीटरभर चुकीने भिंत साधारण 3 अंश कलू शकते. वरच्या बिंदूंवर ते दिसणारही नाही, पण 8 मीटर खाली, वैशाखातल्या शेवटच्या पायऱ्यांशी, तोच फरक 40 सेंटिमीटर होतो. आपल्याला तर खालचाच भाग जोडायचा आहे! म्हणून जोडण्याआधी `S` छापून बघतो. तिसरी किंमत लहान असली तर चालतं, दुसरी लहान असली तर बिंदू पुन्हा निवडायचे.

आता समोरच्या भिंतीवरचे बिंदूही घेतले आहेत, त्यामुळे तिन्ही किमती भक्कम आल्या. शिवाय देवकोष्ठांच्या आतले काही बिंदू जोड्यांत न घालता तपासणीसाठी राखून ठेवले आहेत. त्यांच्यावर येणारं अंतर आता जोडीतल्या बिंदूंइतकंच, सेंटिमीटरभराच्या घरात आहे. पुढचं काम पाण्याच्या रेषेलगतच्या पट्ट्याचं. तिथे शेवाळामुळे दोन्ही ऋतूंत दगड वेगळा दिसतो आणि खात्रीच्या जोड्या कमी मिळतात. कोणी अशा ओल्या दगडावर खुणेचे बिंदू टिकवले असतील तर कशाने टिकवले ते सांगा.