बाबांच्या हार्टच्या गोळ्या ऑनलाइन मागवताना : ‘सेम सॉल्ट’ म्हणजे नेमकं काय ते बघा (माझा अनुभव)

आम्ही देवगडकडचे. बाबांची अँजिओप्लास्टी कोल्हापूरला झाली, तेव्हापासून डॉक्टर तिथलेच, आणि गोळ्या लिहून देतात त्या कंपनीच्या आमच्या इथल्या मेडिकलात नेहमी असतातच असं नाही. सहा महिन्यांनी फॉलोअपला फोंडा घाटातून जाऊन येणं होतं पण दर महिन्याला गोळ्यांसाठी कोण जाणार, म्हणून ॲपवरून मागवायला लागलो. बहुतेक वेळा व्यवस्थित येतं. या वेळी जे झालं ते सविस्तर लिहितोय कारण घरोघरी बीपी-हार्टच्या गोळ्या चालू आहेत आणि ॲपवर ‘पर्याय स्वीकारा’ हे बटण सगळ्यांनाच दिसतं.

बाबांना सकाळी एक गोळी असते, मेटोप्रोलोल 50, नावापुढे एक्सएल. ही शेड्यूल एचमधली आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, म्हणून ॲप आधी प्रिस्क्रिप्शनचा फोटो मागतं. फोटोत डॉक्टरांचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, सही, तारीख, पेशंटचं नाव, गोळीचा डोस आणि किती दिवस घ्यायची हे सगळं दिसायला लागतं. आमची फाइल दोन पानांची, गोळ्या पहिल्या पानावर आणि सही-शिक्का दुसऱ्यावर, त्यामुळे दोन्ही पानं एकाच वेळी टाकतो, नाहीतर अर्धी चिठ्ठी समजून परत पाठवतात. मग त्यांच्या फार्मासिस्टचा फोन येतो, पेशंटचं नाव, वय, किती महिन्यांच्या हव्यात वगैरे विचारतात. हा फोन बाबांना न देता मीच घेतो, फाइल समोर ठेवून.

इथपर्यंत ठीक. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, तुमचं औषध स्टॉकमध्ये नाही, त्याऐवजी हे उपलब्ध, सेम सॉल्ट, स्वस्तात, स्वीकारा. खाली पट्टीचा फोटो. नाव मेटोप्रोलोल, आकडा 50, वरवर बघितलं तर सगळं जुळतंय. पण फोटो मोठा करून मागची बारीक अक्षरं वाचली तर तिथे होतं मेटोप्रोलोल टार्ट्रेट टॅब्लेट्स, आणि बाबांच्या जुन्या पट्टीवर आहे मेटोप्रोलोल सक्सिनेट एक्सटेंडेड रिलीज टॅब्लेट्स.

फरक इथेच आहे. औषध मेटोप्रोलोलच, पण ते ज्या क्षारात म्हणजे सॉल्टमध्ये असतं तो वेगळा, एकात टार्ट्रेट आणि दुसऱ्यात सक्सिनेट. सक्सिनेटची एक्सटेंडेड रिलीज गोळी दिवसभर हळूहळू सुटत राहते म्हणून ती दिवसातून एकदा देतात. टार्ट्रेटची साधी गोळी लवकर सुटते आणि लवकर उतरते, ती सहसा दिवसातून दोनदा विभागून देतात. म्हणजे बाबांनी सवयीप्रमाणे सकाळी एकच साधी 50ची घेतली असती तर आधी नाडी जास्त खाली आणि रात्री-पहाटे औषधाचा जोर संपलेला. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला हे चालणार नाही. पट्टीवर हळूहळू सुटणाऱ्या गोळीची खूण म्हणून एक्सएल, ईआर, एसआर, सीआर असं काही असेल तर ते गोळीच्या नावाइतकंच महत्त्वाचं धरा, ते कंपनीने सजावटीला लावलेलं नसतं.

मी स्वीकारलं नाही. कस्टमर केअरला फोन केला तर पलीकडची मुलगी एकच सांगत राहिली की सॉल्ट सेम आहे सर, मग फार्मासिस्टशी बोलायचं म्हणून अडून बसलो. त्यांना एवढंच विचारलं, ही एक्सटेंडेड रिलीज आहे का? ते लगेच म्हणाले नाही. आणि एक गोष्ट सगळ्यांना माहीत असावी, शेड्यूल एचच्या चिठ्ठीवर जे औषध लिहिलंय त्याऐवजी दुसरं द्यायची दुकानदाराला परवानगी नाही, अगदी तेच द्रव्य असलेली दुसऱ्या कंपनीची गोळीसुद्धा नाही, हे ड्रग्ज रूल्सच्या नियम 65मध्येच लिहिलंय. त्यामुळे आपण बटण दाबलं म्हणून ते योग्य झालं असं नसतं, बदल डॉक्टरांनी लिहून द्यावा लागतो.

मग कोल्हापूरला डॉक्टरांच्या असिस्टंटना व्हॉट्सॲपवर दोन्ही पट्ट्यांचे फोटो पाठवले. संध्याकाळी उत्तर आलं, टार्ट्रेट नको, सक्सिनेट ईआर 50 दुसऱ्या कंपनीची चालेल, आणि डॉक्टरांनी तसं लेटरहेडवर लिहून सही करून फोटो पाठवला. तो नवीन प्रिस्क्रिप्शन म्हणून अपलोड केला. मधल्या काळात गोळीत खंड पडू द्यायचा नाही हे डॉक्टर पहिल्यापासून बजावत आलेत, मेटोप्रोलोल हा बीटा ब्लॉकर, तो एकदम बंद केला तर छातीत दुखणं वाढू शकतं. म्हणून घरात दोन आठवड्यांच्या गोळ्या शिल्लक असतानाच ऑर्डर टाकतो, पावसात घाट बंद झाला की कुरियर कुठे अडकेल सांगता येत नाही.

पार्सल आलं. बाबांनी चष्मा लावून पट्टी वाचली आणि म्हणाले, “अरे, ह्येच्यार साडेसत्तेचाळीस लिवलेला आसा, डॉक्टरान माका पन्नासाची दिल्यान मा?”

बरोबर पकडलं त्यांनी. पण ही गोळी बरोबर होती. पूर्ण ओळ अशी असते : मेटोप्रोलोल सक्सिनेट 47.5 मिलिग्रॅम, मेटोप्रोलोल टार्ट्रेट 50 मिलिग्रॅमच्या तुलनेइतकं. क्षाराचं वजन वेगळं म्हणून आकडा वेगळा, आत मूळ औषध सारखंच, आणि बाजारात तिला 50 म्हणूनच ओळखतात. त्या ओळीत टार्ट्रेट शब्द बघूनही घाबरायचं नाही, तो फक्त तुलनेसाठी आहे, आपण बघायचं ते सक्सिनेट आणि एक्सटेंडेड रिलीज. तरीही मी फोटो परत असिस्टंटना पाठवून हो म्हणून घेतलं, मगच बाबांनी पहिली गोळी घेतली.

पट्टी हातात आल्यावर आणखी दोनच गोष्टी बघतो. पहिली, बिलावरचा बॅच नंबर आणि एक्स्पायरी पट्टीवरच्याशी जुळते का. कापलेली पट्टी असेल तर हे छापील टोक कधी कधी आपल्याकडे येतच नाही, तशी पट्टी मी परत करतो, कारण बॅच कळली नाही तर पुढे काही तक्रार करायची म्हटली तर कशावर करणार. बिलावर दुकानाचं नाव आणि ड्रग लायसन्स नंबरही असतो, ॲप कुठलंही असलं तरी गोळी विकणारं दुकान ते.

दुसरी, नावापुढचं जादा अक्षर. त्याच नावापुढे एएम असेल तर बहुधा आत ॲम्लोडिपिनही असतं, आणि बाबांना ॲम्लोडिपिन आधीच वेगळं चालू आहे. अशी गोळी आली तर ते दुप्पट जाईल. म्हणून नावावर न जाता मागे घटकांच्या ओळीत एकच औषध आहे की दोन ते मोजतो.

नवीन कंपनीची गोळी रंगाने आणि आकाराने वेगळी निघाली, आणि बाबा गोळ्या रंगावरूनच ओळखतात. जुन्या पट्टीत चार गोळ्या उरल्या होत्या, त्या आधी संपवल्या आणि नवीन पट्टी तोवर माझ्या कपाटात ठेवली, नाहीतर दोन्ही वेगळ्या समजून त्यांनी दोन्ही घेतल्या असत्या. आता डॉक्टरांच्या नवीन चिठ्ठीत ब्रँडच्या शेजारी सक्सिनेट ईआर असं पूर्ण लिहून घेतलंय आणि दर महिन्याला हीच कंपनी मागवतो.