बाईंनी लिहून दिलेल्या चार ओळी

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिही म्हटल्यावर मला पहिल्यांदा जिना आठवला. संगीताच्या वर्गाबाहेरचा, बावीस पायऱ्यांचा.

दहावीत असताना मी गाण्याच्या एका ऑडिशनला गेले आणि नापास झाले. तयारी कमी नव्हती. भूप रागातली तीनतालातली बंदिश रोज घोटली होती. पण तबलजींनी "लय सांगा" म्हटलं आणि मी मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, गुणगुणून दाखवला तो नेहमीपेक्षा बराच चढा. छाती धडधडत असली की तीच लय बरोबर वाटते. मुखडा निभावला, पण अंतऱ्यानंतरच्या आठ मात्रांच्या जलद तानेत स्वर एकमेकांवर चढले आणि मी समेच्या, तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच येऊन पोचले.

दुसऱ्या दिवशी रडत शाळेतल्या संगीताच्या बाईंकडे गेले. त्यांनी समजूत घातली नाही, सगळं क्रमाने विचारलं. हात गार होते का? तोंड कोरडं पडलं होतं का? पहिला सा लावण्याआधी श्वास घेतलास की सोडलास? मग म्हणाल्या, "गाणं तयार होतं गं. धडधडत्या छातीने गायची तयारी नव्हती. ती वेगळी करावी लागते."

पुढच्या ऑडिशनला तीन आठवडे होते. रोज शाळा सुटल्यावर मी जिना दोनदा पळत चढायचा-उतरायचा, दम लागलेला असतानाच दार उघडून आत यायचं, नमस्कार करायचा, तानपुऱ्यावर सा लावायचा आणि गायचं. गळा आधी तापवायचा नाही. चुकलं तर पुन्हा नाही, दुसरी संधी उद्या. विसरले तर थांबायचं नाही, माफी मागायची नाही, मुखड्यावर परत यायचं. पहिले चार दिवस माझा सा थरथरला. सहाव्या-सातव्या दिवशी कळलं, की दम लागलेला असतानाही स्वर जागेवर बसतो, फक्त आधी श्वास पूर्ण सोडावा लागतो. घाबरलेला माणूस भरलेल्या छातीत आणखी हवा कोंबतो. मग खांदे वर जातात, गळा आवळतो आणि आवाज कापतो.

ऑडिशनच्या आदल्या दिवशी बाईंनी वहीचा कागद फाडून चार ओळी लिहून दिल्या.

"हात गार पडतील, पडू देत. अंग कामाला लागलंय, एवढाच त्याचा अर्थ.
आधी श्वास सोड, मग घे.
लय मुखड्यावरून सांगू नकोस. तान मनात गा आणि मग सांग.
धडधडत्या छातीने तू वीस वेळा गायली आहेस. उद्या एकविसावी."

तोवर मला सगळे सांगत आले होते, घाबरू नकोस. त्याने माझं भय दुप्पट व्हायचं, कारण घाबरणं हीसुद्धा एक चूक वाटायची. बाईंनी ती चूक नाही असं लिहिलं, आणि धीरासाठी जो आकडा दिला तो खरा होता. मी तो जगले होते.

खोलीबाहेर बाकावर बसले तेव्हा हात खरंच बर्फासारखे झाले. शेजारची मुलगी घटाघट पाणी पीत होती. बाईंनी मला सकाळपासून थोडं थोडं प्यायला सांगितलं होतं. ऐन वेळी प्यालेल्या घोटाने तोंड ओलं होतं, पण पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरयंत्रावरून नाही.

आत गेले. तबलजींनी लय विचारली. मी गप्प राहिले, मनात ती तान पूर्ण म्हटली, मग टाळी दिली. लय जराशी संथच वाटली, पण तीच आमची रोजची होती. श्वास सोडला, घेतला, सा लागला. थोडा कापला, मग स्थिरावला. अंतऱ्यानंतरची तान समेवर नीट उतरली. दुसरी तान चालू असतानाच परीक्षक म्हणाले, "बस, ठीक आहे." मी दचकले नाही. बाई रोज कुठेही मध्येच थांबवायच्या. ऐकणाऱ्याला हवं ते कळलं की तो थांबवतो, त्यावरून निकाल ताडायचा नाही, हे त्यांनी पक्कं करून घेतलं होतं.

निवड झाली. बाईंना सांगायला गेले तर त्यांनी आधी विचारलं, "लय कुठून सांगितलीस?"

आता मी गाणं शिकवते. पुढच्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी ऑडिशनला जाते आहे. माझ्याकडे जिना नाही, म्हणून ती दाराबाहेर दोरीवरच्या उड्या मारते आणि दम लागला की आत येते. काल तिचा सा पहिल्यांदा न कापता लागला. चिठ्ठी लिहून ठेवली आहे. ओळी बाईंच्याच आहेत, फक्त शेवटच्या ओळीतला आकडा कोरा आहे. तो तिच्या गाण्याइतकाच भरेन.