आकृती हरवलेला ट्री

डेटा स्ट्रक्चर्सची जुनी प्रश्नपेढी नव्या फाइलमध्ये हलवण्याचं काम सुरू होतं. एका प्रश्नाशी येऊन आम्ही थांबलो. ‘खालील बायनरी ट्रीचे प्रीऑर्डर, इनऑर्डर आणि पोस्टऑर्डर लिहा, तसेच लीफ नोड ओळखा.’ त्याच्याखाली आकृतीच्या जागी रिकामी चौकट. मूळ चित्र कुणाकडेच नव्हतं. उत्तरसूचीत मात्र हे होतं:

```
Preorder : A B D E G C F H
Inorder  : D B G E A C H F
Postorder: D G E B F H C A
```

सोबतच्या मॅडम म्हणाल्या, “तिन्ही क्रम आहेत ना सर, मग ट्री काढून टाकू.” मलाही ते दहा मिनिटांचं काम वाटलं.

प्रीऑर्डरमध्ये आधी मूळ नोड येतो, म्हणून A रूट. इनऑर्डरमध्ये A च्या डावीकडे D B G E ही चार अक्षरं आणि उजवीकडे C H F ही तीन. मुलं नेमकी इथे घसरतात. आता प्रीऑर्डर तोडायचा तो मोजून: A नंतरची चार अक्षरं, म्हणजे B D E G, डाव्या सबट्रीची आणि उरलेली C F H उजव्या सबट्रीची. अंदाजानं तोडलं आणि एक अक्षर जरी इकडचं तिकडे गेलं, तर पुढचं सगळं बिघडतं. प्रत्येक तुकड्यात दोन्हीकडची अक्षरं तीच आहेत ना, हे पाहिलं की चूक तिथल्या तिथे कळते.

डावीकडे B मूळ. इनऑर्डरमध्ये त्याच्या अलीकडे D, पलीकडे G E. प्रीऑर्डरमध्ये E आधी, म्हणून E वर आणि G त्याचं डावं मूल. उजवीकडे C मूळ. इनऑर्डरमध्ये C च्या अलीकडे त्या तुकड्यातलं काहीच नाही, म्हणजे C ला डावं मूल नाही. राहिले F आणि H: प्रीऑर्डरमध्ये F आधी, इनऑर्डरमध्ये H आधी, म्हणून H हे F चं डावं मूल.

ट्री तयार झाला. पडताळ्यासाठी त्याचा पोस्टऑर्डर काढला तर D G E B H F C A आला. सूचीत F H, आमच्याकडे H F.

टायपिंगची चूक म्हणून पोस्टऑर्डर दुरुस्त करायला मी हात घातलाच होता. पण प्रीऑर्डरच बरोबर आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं होतं? म्हणून उलट बाजूनं, इनऑर्डर आणि पोस्टऑर्डर घेऊन पुन्हा बांधलं. पोस्टऑर्डरमध्ये मूळ शेवटी असतं, तेव्हा शेवटून वाचायचं. डावी बाजू तशीच आली. उजवीकडे C, त्याच्या उजवीकडे H आणि H च्या उजवीकडे F. हाही बिनचूक ट्री, फक्त त्याचा प्रीऑर्डर A B D E G C H F. म्हणजे प्रीऑर्डरमधली एक अदलाबदल किंवा पोस्टऑर्डरमधली एक, दोन्ही तितक्याच शक्य. तीन क्रमांवरून चूक आहे एवढं कळलं. ती कुठे आहे, ते कळत नव्हतं.

इनऑर्डर बाजूला ठेवून भागलं असतं का? नाही. एकच मूल असलेल्या नोडचं ते मूल डावं की उजवं, हे प्रीऑर्डर आणि पोस्टऑर्डर मिळूनही सांगत नाहीत. आमच्या पहिल्या ट्रीत E, C आणि F असे तीन नोड एकेका मुलाचे. प्रत्येकासाठी दोन पर्याय, म्हणजे त्याच प्रीऑर्डर-पोस्टऑर्डरचे आठ ट्री. नुसता प्रीऑर्डर असता, तर आठ नोडांचे 1430 आकार शक्य होते.

निकाल लावला तो प्रश्नाच्या शेपटानं. लीफ नोडांचं उत्तर सूचीत होतं: D, G, H. पहिल्या ट्रीत हेच तीन लीफ येतात. दुसऱ्यात H ला F हे मूल आहे आणि लीफ होतात D, G, F. दोन स्वतंत्र उत्तरं पहिल्या ट्रीशी जुळली, तेव्हा पोस्टऑर्डर दुरुस्त केला.

नवी आकृती काढताना मॅडमनी G ची रेघ E च्या सरळ खाली ओढली होती. ती तिरकी, डावीकडे करून घेतली. H चीही तशीच. सरळ खाली काढलेलं मूल डावं आहे की उजवं, हे विद्यार्थ्याला कळत नाही आणि इनऑर्डर G E की E G हे त्यावरच ठरतं. आणि चित्र पुन्हा गेलंच तर हाताशी असावी म्हणून, प्रश्नाच्या मजकुरात आकृतीखाली ही ओळ घातली. प्रत्येक कंसात आधी डावं मूल, मग उजवं, आणि नसेल तिथे आडवी रेघ:

```
A(B(D,E(G,-)),C(-,F(H,-)))
```