आधी डाळ मोजा, मग ताट वाढा

“घरच्या रोजच्या जेवणात भाजी किती, पोळी-भात किती आणि डाळ-उसळ किती असली म्हणजे ताट चौरस होतं?”

निम्मं ताट भाज्यांचं. पाव पोळी-भाकरी-भाताचं. उरलेलं पाव डाळ, उसळ, अंडं, मासळी यांपैकी कशाचं तरी, आणि शेजारी दह्याची एक वाटी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली काढलेल्या मार्गदर्शिकेतही साधारण हीच वाटणी आहे. आहारतज्ज्ञ म्हणून मी हे सांगते, समोरची व्यक्ती मान डोलावते आणि घरी गेल्यावर तेच जुनं ताट वाढलं जातं. त्यात त्यांचा दोष नाही. हे मोजमाप सपाट ताटलीचं आहे आणि आपलं अर्धं जेवण वाट्यांत असतं. वाटी काठोकाठ भरलेली दिसते, पण तिच्यात डाळ किती आणि पाणी किती, हे बघून कळत नाही. म्हणून मी ताटाआधी ओट्याकडे बघायला सांगते. कुकर लावायच्या आधी कच्ची डाळ किती घेतली, भाजी किती चिरली, कणीक किती मळली?

चौघांच्या घरातली एक दुपार घ्या. तूरडाळ अर्धी वाटी, म्हणजे साठेक ग्रॅम. माणशी आले 15 ग्रॅम. तुरीच्या डाळीत वजनाच्या पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त प्रथिन असतं, तेव्हा त्या गरमागरम वरणातून प्रत्येकाला मिळालं जेमतेम 3 ग्रॅम. वर तूप आणि लिंबू असल्याने ते लागतं छान, आणि डाळ खाल्ल्याचं समाधानही मिळतं! आता त्याच ताटात तीन पोळ्या आहेत. एका पोळीला 30 ग्रॅम कणीक धरली तर 90 ग्रॅम. वर भाताची मूद आणि नंतर घेतलेला थोडा भात मिळून 40 ग्रॅम तांदूळ. धान्य झालं 130 आणि डाळ 15, म्हणजे जवळजवळ नवास एक. पोषण संस्थेने दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी धान्य 250 ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम सुचवली आहेत, दोन्ही कच्ची, आणि अर्थात पूर्ण दिवसाची. हे प्रमाण साधारण तिनास एक होतं. मला विचाराल तर इतर कुठलेही आकडे विसरलात तरी चालेल, हा तिनास एक लक्षात ठेवा.

हे प्रमाण फक्त प्रथिनांच्या बेरजेसाठी नाही. गहू-तांदळाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी पडतं, ते धान्य भरून काढतं. वरण-भात ही जोडी म्हणूनच पक्की आहे, फक्त वरण नावापुरतं नको.

आता भाजी. बाजारात आपल्या तोंडून आपोआप निघतं, ‘पाव किलो भेंडी द्या’. देठं-टोकं काढून चौघांत वाटली की माणशी साठ ग्रॅमसुद्धा राहत नाही. दिवसाला 400 ग्रॅम भाज्या पोटात जायच्या असतील तर एका जेवणात चौघांना निदान अर्धा-पाऊण किलो लागते, आणि तेवढी एकटी भेंडी कोणी खाणार नाही. इथे आपल्या वाढण्याच्या पद्धतीतच थोडा बदल करायला हवा. ताटाची डावी बाजू चटणी, लोणचं आणि कोशिंबिरीची. तिथलं सगळं चवीपुरतं वाढायची सवय आहे, त्यात कोशिंबीरही चमचाभरच पडते. चटणी-लोणचं चमचाभरच राहू द्या, पण कोशिंबीर वाटीभर वाढा. काकडी, गाजर, टोमॅटो, मुळा, कोबी, जे असेल ते. भाज्यांचं निम्मं काम तिथे होतं.

बटाट्याची भाजी मात्र मी भाजीत धरत नाही. बटाटा मुख्यतः पिष्टाचा, म्हणून तो पोळी-भाताच्या बाजूचा. ज्या दिवशी बटाट्याची भाजी, त्या दिवशी एक पोळी कमी आणि कोशिंबीर मोठी. उलट पिठलं दिसतं भाजीसारखं, पण ते बेसनाचं, म्हणजे डाळीच्या खात्यातलं. पिठलं-भाकरीच्या जेवणात म्हणूनच प्रथिनं बऱ्यापैकी असतात आणि भाजी शून्य असते. कांदा फोडून घेतला तरी तो एकटा पुरत नाही. पालेभाजीबद्दल एक सांगते. जुडी परातभर दिसते आणि शिजून मूठभर होते. तेव्हा मूठभर दिसली म्हणून कमी समजू नका, चिरलेली किती होती ते आठवा.

भाजी दुप्पट केली म्हणजे तेलाची पळीही दुप्पट, असं मात्र करू नका. दिवसभराच्या सगळ्या स्वयंपाकाला माणशी 27 ग्रॅम तेल-तूप सांगितलेलं आहे, म्हणजे पाच-सहा लहान चमचे. जास्तीची भाजी झाकण ठेवून वाफेवर शिजते.

मग वरचंच ताट पुन्हा वाढू. दोन पोळ्या आणि थोडा भात मिळून धान्य 90 ग्रॅम. मटकीची घट्ट उसळ, माणशी 30 ग्रॅम कोरड्या मटकीची. भिजून मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त भरते. दुधीची किंवा गवारीची भाजी वाटीभर, कोशिंबीर वाटीभर, दही वाटीभर. प्रथिनांचा हिशोब असा: पोळ्या-भातातून 8 ग्रॅम, उसळीतून 6 ते 7, दह्यातून 3 ते 4, भाज्यांतून दोनेक. वीसच्या आसपास गेलो. 55 किलोच्या स्त्रीला दिवसाला साधारण 46 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे एका जेवणात जवळजवळ निम्मं काम झालं. रात्री असंच जेवण आणि सकाळी मुगाचं धिरडं असेल तर डाळींचे 85 ग्रॅमही सहज भरतात.

ताट बिघडलंय हे वजनकाट्याशिवायही कळतं. दुपारी पोटभर जेवून चार वाजता चिवड्याच्या डब्याकडे हात जात असेल, तर बहुतेक वेळा पोळ्या कमी पडलेल्या नसतात, डाळ आणि भाजी कमी पडलेली असते.

उसळ वाढवली की पोट फुगतं, ही तक्रार खरी आहे. एकदम वाढवू नका. आधी मूग, मग मटकी, आणि छोले-राजमा सगळ्यात शेवटी. भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि फोडणीत हिंग-ओवा घाला. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डाळ स्वतःच्या मनाने वाढवू नये. त्यांचं प्रथिनांचं प्रमाण डॉक्टर ठरवतात.

आणि सामिष घरांत रविवारी वेगळाच घोळ होतो. 30 ग्रॅम डाळीऐवजी 80 ग्रॅमच्या आसपास मटण किंवा चिकन चालतं. पण ताटात येतात दोन फोडी, वाडगाभर रस्सा आणि त्यात बुडवायला चार भाकऱ्या. रस्शाला डाळीच्या पाण्याचाच नियम लागू: फोडी मोजा, रस्सा नाही. आणि भाजीला रविवारी सुट्टी देऊ नका.