मेतकुटाची भाजणी : मंद आचेवरील प्रगतीची नोंद

मेतकूट पुन्हा शिजवले जात नाही. थालीपिठाची भाजणी किंचित कच्ची राहिली तरी तव्यावर ती भरून निघते. मेतकूट मात्र दळल्यावर थेट मऊ भातावर, नाहीतर दह्यात कालवून ताटात येते, म्हणून डाळीच्या गाभ्यापर्यंत भाजण्याचे सगळे काम कढईतच पुरे व्हावे लागते. सध्या माझे लक्ष याच एका गोष्टीवर आहे : वरून न करपता हरभऱ्याची डाळ आतून पूर्ण भाजली जाणे.

या खेपेचे प्रमाण असे : हरभरा डाळ 2 वाट्या, उडीद डाळ 1 वाटी, तांदूळ अर्धी वाटी, गहू पाव वाटी, धणे 2 मोठे चमचे, जिरे 1 मोठा चमचा आणि मेथ्या 1 लहान चमचा. हळद, हिंग आणि सुंठेची पूड शेवटी. भांडे जाड बुडाची लोखंडी कढई, आणि शेगडी गॅसची, सर्वांत लहान बर्नरची.

भाजण्यापूर्वी डाळ चाळून घेण्याला मी आता भाजण्याइतकेच महत्त्व देतो. डाळीतली कणी आणि पीठ अख्ख्या दाण्याच्या कितीतरी आधी करपते, आणि त्या करपलेल्या पिठाचा वास चांगल्या दाण्यांनाही लागतो. त्याच कारणाने प्रत्येक घाण्यानंतर कढई कोरड्या फडक्याने पुसून घेतो.

हरभरा डाळ एकेक वाटी करून दोन घाण्यांत भाजली, कारण कढईत दाण्यांचा थर जाड झाला की खालचे दाणे तापत राहतात आणि वरचे नुसते कोमट होतात. पहिली काही मिनिटे डाळीचा रंग बदलत नाही. तेव्हा दाण्यातले पाणी निघून जात असते आणि ते आहे तोवर दाणा फारसा तापत नाही. नेमकी याच वेळी आच वाढवण्याची घाई होते. आच वाढवली की वरचा भाग चटकन कोरडा होऊन लाल होतो आणि गाभा मात्र पिवळा, कच्चाच राहतो. मंद आचेवर सतत उलथने फिरवत राहिल्यास एका घाण्याला साधारण पंधरा मिनिटे लागतात. दुसऱ्या घाण्याला कढई आधीच तापलेली असल्याने वेळ कमी लागतो, त्यामुळे घड्याळावर विसंबणे मी सोडून दिले आहे.

त्याऐवजी दाणा फोडून पाहतो. कढईच्या मधून एक आणि कडेने एक असे दोन दाणे काढून, जरा निवू देऊन बत्त्याने फोडतो. कच्चा दाणा बत्त्याखाली दबतो, किंवा चिवटपणे दोन तुकड्यांत तुटतो, आणि त्याच्या मधोमध गडद पिवळा ठिपका दिसतो. भाजलेला दाणा ठिसूळपणे फुटून त्याचा रवाळ चुरा होतो आणि तो कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा बदामी असतो. मधला दाणा झाला आणि कडेचा राहिला, असे दिसल्यास गॅस बंद करून नुसते ढवळत राहावे. कढईतली धग तेवढ्यासाठी पुरते. गरम दाणा दाताखाली घेऊन पारख करू नये, कारण निवाल्याखेरीज तो कुरकुरीत लागत नाही.

उडीद डाळ गुलाबीसर होऊन खमंग वास सुटताच, आणि तांदूळ पांढरेशुभ्र होऊन जरा फुगताच उतरवले. दोन्ही सोपे आहेत. प्रत्येक घाणा लगेच परातीत पसरला, कारण बंद गॅसवरच्या लोखंडी कढईत तो पुढे भाजतच राहतो.

मसाल्यांचे गणित मात्र उलटे आहे. डाळीत उष्णता आतवर पोहोचवायची असते, तर धणे-जिऱ्यांत त्यांचे सुगंधी तेल उडून न जाता फक्त ओल काढायची असते. म्हणून मसाले शेवटी घेतले. धणे मंद आचेवर, बोटांनी चुरडले जाईपर्यंत भाजले. मेथ्या किंचित तांबूस झाल्याबरोबर काढल्या. त्या तपकिरी झाल्या की त्यांचा कडूपणा सगळ्या मेतकुटात उतरतो आणि तो कशानेही झाकला जात नाही. जिरे तर गॅस बंद करूनच कढईत टाकले आणि हाताला कोरडे लागेपर्यंत हलवले. हळद, हिंग आणि सुंठ भाजलेच नाहीत, दळताना मिसळले.

पूर्ण निवल्यावर दळलेल्या या खेपेच्या मेतकुटाला बेसनाचा उग्र वास नाही आणि रंगही हळदीमुळे पिवळा आहे, करपल्याचा काळपटपणा नाही. गव्हाबाबत मात्र समाधान झालेले नाही : काही दाणे तडतडून फुटले, काही घट्टच राहिले आणि दळताना त्यांचा कोंडा चाळणीवर उरला. पुढच्या खेपेला गहू आदल्या दिवशी ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवणार आहे आणि त्यांचा घाणा हरभरा डाळीच्याही आधी, कढई नुकती तापत असताना घेणार आहे.