दहा तासांची मुंबई

"तुमचं गोव्यातल्या मोपाहून मुंबई आणि पुढे मस्कत, मधे दहा तास रिकामे. तेवढ्यात धावपळ न करता मुंबई बघून होते का हो? आणि पुढचं विमान चुकलं तर?"

वेंगुर्ल्यात बाजारात भेटणारा दर तिसरा माणूस हे विचारतो. मुंबई बघून होत नाही. मुंबईचा एक कोपरा बघून होतो, आणि तो नीट बघून होतो. पहिल्या खेपेला हे मला कळलं नव्हतं. आम्ही टॅक्सी करून गेटवे, महालक्ष्मी, हाजी अली असा सपाटा लावला आणि परतताना हायवेवर असे अडकलो की चेक-इनची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना पोचलो. सौ. त्या दिवशी मस्कतपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

दहा तास हा आकडा फसवा आहे. आपण तो विमान उतरल्यापासून पुढे मोजतो, आणि तो मोजायला हवा उलट, पुढच्या विमानापासून मागे. यंदाचा हिशेब सांगतो. मोपाचं विमान सकाळी पावणेनऊला मुंबईत उतरलं, मस्कतचं सुटणार संध्याकाळी पावणेसातला. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी हजर राहायचं, म्हणजे पावणेचारला टर्मिनल दोनच्या दारात. शहरातून तिथे पोचायला सव्वा तास धरला, तर अडीचला परतीच्या गाडीत बसायला हवं. उतरून बाहेर पडून शहरात पोचेपर्यंत सव्वादहा-साडेदहा झालेच होते. उरले चार तास. हे चार तासच आपले.

एवढे तरी हातात राहिले ते भुयारी मेट्रोमुळे. आरे ते कफ परेड ही तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिच्यावर टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन अशी दोन्ही स्टेशनं आहेत. विमानतळावरून हुतात्मा चौक साधारण पाऊण तासात येतो, आणि वर रस्त्यावर काय तुंबलंय याच्याशी आपल्याला देणंघेणं राहत नाही. या मार्गिकेचं सर्वांत लांबचं तिकीटही ७० रुपयांचं आहे. तिकीट स्टेशनावरच काढावं, जमिनीखाली मोबाईलच्या रेंजवर विसंबू नये. रविवारी गाड्या उशिरा सुरू होतात, तेही ध्यानात ठेवायचं. पावसाळ्यात मात्र मीही बिचकतो. २६ मे २०२५ ला आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी घुसलं होतं. मुसळधार असेल तर मी विमानतळावरच पेपर वाचत बसेन.

पण हे सगळं सामान हातात नसेल तरच. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर मोपाच्या काउंटरवर स्पष्ट विचारायचं, "बॅगा थेट मस्कतला जातील ना?" आणि उत्तरावर न थांबता बॅगेला लावलेली पट्टी स्वतः वाचायची. तिच्यावर ठळक अक्षरांत शेवटच्या विमानतळाचा कोड असतो. मस्कतला जाणाऱ्या बॅगेवर MCT हवं. BOM दिसलं तर बॅग मुंबईतच पट्ट्यावर फिरत येणार आणि ती घेऊन तुम्ही कुठे फिरणार? तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर बॅगा बहुधा मुंबईतच हातात येतात, मग चारपैकी दोन तास विसरा. शिवाय पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं. मग चारपैकी दोन तास विसरा.

आता त्या चार तासांचं काय केलं ते. एक जागा छपराखालची, एक उघड्यावरची आणि मधे बसून खाणं, एवढंच ठरवलं होतं. हुतात्मा चौकात वर आलो. फ्लोरा फाउंटन १८६४ सालचं, आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक. तिथून महात्मा गांधी रस्त्याने रमतगमत काळा घोडा. वाटेतच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुन्या माणसांचं प्रिन्स ऑफ वेल्स. ते सव्वादहाला उघडतं, त्यामुळे आमची वेळ बरोबर जुळली. जॉर्ज विटेटने बांधलेली ही इमारत १९२२ मध्ये लोकांना खुली झाली. तिचा घुमट बघून विजापूरच्या गोल घुमटाची आठवण होते, आणि ती होणारच, कल्पना तिथूनच घेतलेली आहे.

संग्रहालय अख्खं बघायचा मोह मी टाळतो. मजले चढत गेलं की तिसऱ्या दालनात पाय दुखतात आणि पुढचं काहीच डोक्यात शिरत नाही. आम्ही शिल्पांपाशी रेंगाळलो. सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपावरची भाजलेल्या मातीची शिल्पं आहेत. त्यातला हातात कमळं घेतलेला भक्त बघत सौ. बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "मातीचं हे एवढं टिकलं, आणि आमचं तुळशीवृंदावन दोन पावसांत गळलं." मला तिथले असुरियाचे दगडी पट जास्त आवडतात. इराकमधल्या निमरुदच्या राजवाड्यातले, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातले. पंख असलेल्या त्या आकृतींच्या दाढीचा एकेक कुरळा केस मोजता येतो. पावणेदोन तास असेच गेले.

जेवायला फोर्टात माशांची चांगली हॉटेलं आहेत. पण वेंगुर्ल्याहून येऊन मुंबईत सुरमई खाणं मला पटत नाही. एका इराण्याकडे बनमस्का आणि चहा घेतला. तसंच गेटवेचं. संग्रहालयापासून पाचसात मिनिटांवर आहे, पण समुद्र बघायला आम्ही इथवर कशाला यायचं? घारापुरीचं नाव तर अशा दिवशी काढूच नये. बोटीला एका बाजूने तासभर लागतो आणि सोमवारी लेणी बंद असतात.

उरलेला वेळ ओव्हल मैदानाच्या कडेला सावलीत बसलो. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळं टोकदार गॉथिक. पश्चिमेला आर्ट डेकोच्या इमारती, गोलसर गॅलऱ्या आणि फिकट रंगांच्या. मधे पोरांचं क्रिकेट. मान फिरवली की साठ-सत्तर वर्षांचं अंतर पार. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभा राहिला, त्यांच्या आईच्या नावाने. समोर एवढं मोठं घड्याळ असल्यावर सारखं मनगटाकडे बघावं लागत नाही. सव्वादोनला उठलो. मोपाचं विमान तासभर उशिरा आलं असतं तर हे मैदान गाळलं असतं, अडीचची वेळ मात्र हलवली नसती.

परतीच्या खेपेला हे गणित बदलतं. बाहेरून येताना इमिग्रेशन आणि कस्टम्स मुंबईतच होतात, बॅगा उतरवून पुन्हा द्याव्या लागतात. त्यात दीड-दोन तास सहज जातात, म्हणून येताना आम्ही शहरात जात नाही.

यंदा एकच चूक झाली. उठताना सौ.ने फोर्टातल्या एका दुकानातून मुलीसाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी घेतली. मोठ्या बॅगा सकाळीच पुढे गेलेल्या, त्यामुळे बरणी हातातल्या पिशवीत. सुरक्षा तपासणीत ती बाहेर काढून बाजूला ठेवली गेली. सौ.ने तिच्याकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. "घरचं दोन बरण्या बॅगेत घातलंय," ती म्हणाली, "चला."