पाच नावं घेऊन गेले आणि सहावं घेऊन आले

मी फोंड्याला छोटं डिझाइनचं काम करते, बोर्ड, पाकिटं, लोगो, आणि त्यातच कधीकधी नाव शोधायचंही काम येतं. एप्रिलच्या सुरुवातीला वाळपईकडच्या एक काकी आल्या. सत्तरीत त्यांचं कुळागर आहे, सुपारी, माड, मिरी, जायफळ, मधून पाट वाहतो. मे महिन्यात शहरातल्या मुलांसाठी 5 दिवसांचा कॅम्प करायचा, मुलांनी तिथेच राहायचं, वय 8 ते 12, एका वेळी 20 मुलं. म्हणाल्या, "बाय, नाव असं दे की आयांना धीर येईल आणि पोरं उड्या मारतील."

ऐकायला सोपं वाटतं, पण ह्या दोन गोष्टी एकमेकींना ओढतात. मुलाला जे ऐकून मजा वाटते, चिखल, व्हाळ, रान, काळोख, तेच ऐकून आईच्या पोटात गोळा येतो. आणि आईला जे आवडतं, संस्कार वगैरे, ते ऐकून पोरगं म्हणतं मला नको शाळा. काकींच्या मुलाचं म्हणणं होतं की नावातच "सुरक्षित" टाकूया. मी लगेच नाही म्हटलं, कारण नावात सुरक्षित वाचलं की माणूस पहिला विचार करतो की इथे धोका कसला आहे बाबा.

मी पाच नावं काढली. आजोळ, चिखलमस्ती, व्हाळाकाठ, बोंडू आणि मांगर. आजोळ शब्द गोड, पण त्या नावाची इतकी घरगुती हॉटेलं, फार्म आणि संस्था आहेत की शोधणाऱ्याला आपण सापडणारच नाही. चिखलमस्ती काकींनी स्वतःच काढून टाकलं, म्हणाल्या मे महिन्यात चिखल कुठला, पाऊस जूनमध्ये, लावणी त्यानंतर, मेमध्ये शेत तापून फुटलेलं असतं. मला हे आधी सुचायला हवं होतं. नावात जे सांगितलं ते पहिल्या दिवशी दिसलं नाही तर मूल घरी फोन करून तेच सांगणार.

बोंडू मात्र मला फार आवडलं होतं. काजूच्या बोंडाला आपल्याकडे म्हणतात तो शब्द, गुबगुबीत, लहान मुलाच्या तोंडी छान बसतो. पण गोव्यातल्या कुठल्याही पालकाला बोंडू म्हटलं की पुढचा शब्द हुर्राक आठवतो आणि मग फेणी. आंबूस वास नाकात येतोच. मुलांच्या कॅम्पला ते नको.

उरली व्हाळाकाठ आणि मांगर. माझा कल मांगरकडे होता, भाटातली ती छोटी खोप जिथून राखणदार सगळीकडे नजर ठेवतो, म्हणजे मुलांना खोप आणि आईला राखण, दोन्ही आलं असं मला वाटलं. पण ऑफिसात बसून हे ठरत नाही म्हणून आम्ही एक रविवार ठरवला. पर्वरीतल्या एका सोसायटीतली 6 मुलं आणि त्यांच्या चार आया, तासाभराहून जास्त गाडी चालवून कुळागरात आली.

नाव तपासताना मी कधीच "आवडलं का" असं विचारत नाही, कारण समोरचं माणूस चांगलंच बोलतं. मी कागदावर नुसतं नाव दाखवते आणि विचारते, इथे काय चालत असेल सांगा. व्हाळाकाठ दाखवलं तर चारपैकी तीन आयांनी आधी पाण्याबद्दल विचारलं, किती खोल, कोण असतं, पोहता येत नसेल तर? काकींकडचा व्हाळ मेमध्ये घोट्याएवढा असतो, पण नावाने तो छातीएवढा करून ठेवला.

मग मांगर. मी तो देवनागरीत आणि खाली इंग्रजी अक्षरांत लिहिला होता, Mangar, कारण फॉरवर्ड होताना नाव बहुतेक तसंच टाईप होतं. बेंगळुरूहून नुकतीच आलेली एक आई होती, तिला देवनागरी पटकन वाचता येत नव्हती. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाने मोठ्याने वाचलं, "मगर!" आणि तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला. मुलगा एकदम खूश, आई मगर आहे का इथे, आणि ती माझ्याकडे बघतेय. गोव्यात कुंभारजुवेच्या खाडीत मगरी आहेत हे तिला कोणीतरी सांगितलेलंच होतं. मी समजावलं, पण नाव समजावून सांगावं लागलं म्हणजे ते गेलं. एक a जास्त घालून बघितला तर अजून विचित्र दिसायला लागलं.

दुपारी माझ्याकडे नावच नव्हतं. काकींनी मुलांना भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसवलं होतं. फळ अर्धं करायचं, बिया आणि गर मिठासकट भांड्यात, साली उन्हात, आणि मग त्या साली पुन्हा त्याच रसात बुडवून पुन्हा वाळवायच्या, असं काही दिवस चालतं तेव्हा सोलं काळी होतात. सगळ्यांचे हात मनगटापर्यंत लाल. मी कोपऱ्यात बसून वही उघडली आणि नुसती त्यांच्या तोंडचे शब्द लिहीत राहिले.

हात धुवून झाल्यावर ती पकडापकडी खेळायला लागली. घराच्या दारापुढे सोपो आहे, जुन्या घरांना असतो तसा, बसायला बांधलेला, गुळगुळीत लाल. आया सकाळपासून त्याच्यावरच बसून होत्या कारण तिथून अंगण, पाट आणि गोठा तिन्ही दिसतं. मुलांनी काकींकडून तो शब्द उचलला होता आणि नियम केला होता की सोप्याला हात लागला की आउट नाही. पळत यायचं, थाप मारायची आणि ओरडायचं "सोपो!" बेंगळुरूचा मुलगाही तेच ओरडत होता, त्याला अर्थ कोणी सांगितला नव्हता.

मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली SOPO. त्या आईला दाखवलं, तिने बरोबर वाचलं. अक्षरं चारच, दुसऱ्या कुठल्या शब्दासारखं वाचायला जागाच कमी. घाटावरच्या मराठी माणसालाही सोपा म्हणजे ओसरी माहीत असतो. काकींना विचारलं तर त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या माझी सासू रोज संध्याकाळी तिथेच बसायची आणि सगळी पोरं घरात आली की उठायची.

पण नुसतं सोपो म्हटल्याने कॅम्प आहे हे कळत नाही, म्हणून खाली एक ओळ घातली: "8 ते 12 वर्षांच्या मुलांची कुळागरातली 5 दिवसांची सुट्टी, वाळपई". आईला धीर देण्याचं काम ह्या ओळीचं. रात्री कोण असतं, डॉक्टर किती लांब, हे माहितीच्या पानावर पहिल्याच परिच्छेदात, गोड शब्द न लावता. तीन दिवसांनी मी त्या सहाही मुलांना फोनवर विचारलं की आपण कुठे गेलो होतो, पाच जणांनी सोपो म्हटलं, एकाने काकींचं घर.

ट्रेडमार्कचा शोध दोन वर्गांत बघावा लागतो, 41 म्हणजे मनोरंजन-शिक्षण आणि मुलं तिथे राहणार म्हणून 43, बरेच जण दुसरा विसरतात. ते आणि अर्जाचं काम वकिलांकडे दिलं. इन्स्टाग्रामवर नुसतं चार अक्षरी हँडल मिळणं कठीण, म्हणून मागे camp जोडायचं ठरलं. बोर्ड वाळपईच्या पेंटरकडे दिलाय, सोप्याच्याच लाल रंगावर पांढरी अक्षरं, आणि काकींनी सांगितलंय की उंची लावताना आठ वर्षांच्या मुलाचा हात त्याला पोचला पाहिजे.